घटक चाचणी २ : संगणक नेटवर्क (आयपी पत्ते व सबनेटिंग)

संगणक अभियांत्रिकी पदविका, तृतीय वर्ष
वेळ : १ तास १५ मिनिटे  एकूण गुण : ३०

सूचना

सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे. कॅल्क्युलेटर व मोबाइल चालणार नाही. ० ते २५५ पर्यंतचे बायनरी हाताने करता यायला हवे. पायऱ्यांना गुण आहेत. नुसते उत्तर लिहिले आणि ते बरोबर निघाले, तरी निम्मेच गुण मिळतील. कच्चे काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर करावे, प्रश्नपत्रिकेवर नको.

१९८५ च्या आरएफसी ९५० नुसार पहिले व शेवटचे सबनेट वापरत नसत. काही जुन्या पुस्तकांत ते अजून तसेच आहे. या चाचणीत दोन्ही सबनेट वापरता येतात असे धरा. होस्टच्या संख्येतून मात्र दोन वजा करायचेच आहेत.

प्रश्न १. (८ गुण)

अ) एका संगणकाचा पत्ता 192.168.10.77/27 आहे. सबनेट मास्क, नेटवर्क पत्ता, ब्रॉडकास्ट पत्ता आणि वापरता येणारा पहिला व शेवटचा पत्ता काढा. शेवटच्या ऑक्टेटचे अँड ऑपरेशन बायनरीत मांडून दाखवा. (३)

आ) १९९६ च्या आरएफसी १९१८ नुसार पुढीलपैकी कोणते पत्ते खासगी आहेत? प्रत्येकाचे कारण एका ओळीत द्या : 172.31.255.4, 172.32.5.1, 192.169.1.10, 10.255.0.9 (२)

इ) 172.16.0.0/16 या नेटवर्कचे किमान ५० समान सबनेट करायचे आहेत. नवा मास्क, प्रत्येक सबनेटमधील होस्टची संख्या आणि पहिल्या दोन व अगदी शेवटच्या सबनेटचे नेटवर्क पत्ते लिहा. (३)

प्रश्न २. (४ गुण)

10.12.37.200 हा पत्ता आणि 255.255.240.0 हा मास्क दिला असता एका विद्यार्थ्याने असे लिहिले :

```
Network   : 10.12.37.0
Broadcast : 10.12.37.255
Hosts     : 4094
```

अ) या तीन ओळींतच एक विसंगती आहे. पत्त्याचे गणित न करताही ती दिसते. कोणती? (१)
आ) चूक कोणत्या ऑक्टेटमध्ये व कशी झाली ते सांगून बरोबर उत्तर काढा. (३)

प्रश्न ३. (५ गुण)

कार्यालयातल्या प्रिंटरचा पत्ता 192.168.5.70, मास्क 255.255.255.192 आहे. राउटरचा पत्ता 192.168.5.65 असून मास्क तोच आहे. नव्याने बसवलेला संगणक त्याच स्विचला जोडला आहे; केबल ठीक आहे, स्विचवरचा दिवा लागतो, पण प्रिंटरला पिंग जात नाही. संगणकावर दिसते ते असे :

```
IPv4 Address. . . . : 192.168.5.60
Subnet Mask . . . . : 255.255.255.192
Default Gateway . . : 192.168.5.65
```

अ) संगणक आणि प्रिंटर कोणकोणत्या सबनेटमध्ये पडतात? (२)
आ) गेटवे भरलेला असूनही पॅकेट त्याच्यापर्यंत का पोहोचत नाही? (२)
इ) मास्क व गेटवेला हात न लावता फक्त एक ओळ बदलून दोष दूर करा. (१)

प्रश्न ४. (९ गुण)

एका सहकारी साखर कारखान्याला 192.168.40.0/24 हा एकच पट्टा वापरायचा आहे. संगणकांची संख्या अशी : शेतकी विभाग ५०, लेखा विभाग २८, वजनकाटा १४, प्रयोगशाळा ९. प्रत्येक विभागाला राउटरचा स्वतंत्र गेटवे पत्ता लागतो आणि तो या आकड्यांत धरलेला नाही. शिवाय राउटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन लिंक आहेत. प्रत्येक लिंकसाठी /30 सबनेट द्या.

अ) व्हीएलएसएम पद्धतीने, मोठ्या गरजेपासून सुरुवात करून आणि मध्ये जागा न सोडता, सहा सबनेटची वाटणी करा. प्रत्येकाचा नेटवर्क पत्ता, प्रीफिक्स, ब्रॉडकास्ट आणि वापरता येणारी पत्त्यांची व्याप्ती तक्त्यात लिहा. (६)

आ) वजनकाट्याला /28 का पुरत नाही? (१)

इ) पुढच्या गळीत हंगामात ऊसतोडणी नोंदणीसाठी ४० संगणक वाढणार आहेत. व्यवस्थापकाचे म्हणणे असे की, "शेवटच्या लिंकनंतर 192.168.40.152 पासून शंभरावर पत्ते मोकळे आहेत, तिथूनच /26 सुरू करू." हे जमेल का? जमत नसल्यास जुन्या वाटणीला धक्का न लावता जागा कुठे देता येईल ते दाखवा. (२)

प्रश्न ५. (४ गुण)

अ) 192.168.8.0/24 ते 192.168.11.0/24 ही चार नेटवर्क राउटिंग टेबलमध्ये एकाच ओळीत कशी मांडाल? तिसऱ्या ऑक्टेटचे बायनरी एकाखाली एक लिहून समान बिटांखाली रेघ ओढा. (२)

आ) 192.168.9.0/24 ते 192.168.12.0/24 हीसुद्धा चारच सलग नेटवर्क आहेत, तरी ती तशीच एका ओळीत बसत नाहीत. का? बळेच एका ओळीत बसवली तर नको असलेली कोणती नेटवर्क आत येतात? (२)