अधिमूल्याने भागवितरण, जप्ती आणि पुनर्वितरण: सोडवलेले उदाहरण

एका सार्वजनिक कंपनीने प्रत्येकी ₹10 दर्शनी किमतीचे 20,000 समहक्क भाग प्रति भाग ₹5 अधिमूल्याने विक्रीस काढले. रक्कम अशी देय होती: अर्जाबरोबर ₹4, वाटपावेळी अधिमूल्यासह ₹7, पहिल्या हप्त्यावर ₹2 आणि अंतिम हप्त्यावर ₹2. अर्ज 30,000 भागांसाठी आले. त्यांपैकी 5,000 भागांचे अर्ज पूर्ण फेटाळून पैसे परत केले आणि उरलेल्या 25,000 भागांच्या अर्जदारांना 20,000 भागांचे प्रमाणशीर वाटप केले. त्यांची जादा रक्कम वाटपाकडे वर्ग केली. भागधारक अ याने 500 भाग मागितले होते व त्याला 400 मिळाले, परंतु त्याने वाटपाची आणि दोन्ही हप्त्यांची रक्कम भरली नाही. भागधारक ब याला मिळालेल्या 600 भागांवरील फक्त अंतिम हप्ता थकला. संचालक मंडळाने दोघांचेही भाग 30 नोव्हेंबर 2024 रोजी जप्त केले आणि 20 जानेवारी 2025 रोजी अ याचे सर्व 400 व ब याचे 400, असे 800 भाग पूर्ण भरणा झालेले म्हणून प्रत्येकी ₹9 ला पुन्हा दिले. कंपनीच्या पुस्तकात रोजकीर्द नोंदी करा.

नोंदींना हात घालण्यापूर्वी अ याची थकबाकी काढून घ्यावी, कारण वाटपाच्या वसुलीची आणि जप्तीची नोंद तिच्यावर अवलंबून आहे. त्याने अर्जाबरोबर 500 × 4 = ₹2,000 भरले. 400 भागांच्या अर्जापोटी ₹1,600 लागले आणि ₹400 जादा उरले. वाटपाचे देणे 400 × 7 = ₹2,800, त्यातून हे ₹400 वजा जाता थकबाकी ₹2,400.

वितरणाच्या नोंदी

1) बँक खाते नावे ₹1,20,000
भाग अर्ज खात्याला ₹1,20,000
(30,000 भागांवर प्रत्येकी ₹4 अर्जाची रक्कम मिळाल्याबद्दल.)

2) भाग अर्ज खाते नावे ₹1,20,000
समहक्क भागभांडवल खात्याला ₹80,000
भाग वाटप खात्याला ₹20,000
बँक खात्याला ₹20,000
(20,000 भागांची अर्जाची रक्कम भांडवलाकडे, जादा रक्कम वाटपाकडे वर्ग केल्याबद्दल व 5,000 भागांच्या अर्जाचे पैसे परत केल्याबद्दल.)

3) भाग वाटप खाते नावे ₹1,40,000
समहक्क भागभांडवल खात्याला ₹40,000
प्रतिभूती अधिमूल्य खात्याला ₹1,00,000
(20,000 भागांवर अधिमूल्यासह वाटपाची रक्कम देय झाल्याबद्दल.)

4) बँक खाते नावे ₹1,17,600
भाग वाटप खात्याला ₹1,17,600
(₹1,40,000 मधून ₹20,000 आधीच जमा व अ याची ₹2,400 थकबाकी वजा जाता रक्कम मिळाल्याबद्दल.)

5) भाग पहिला हप्ता खाते नावे ₹40,000
समहक्क भागभांडवल खात्याला ₹40,000
(20,000 भागांवर ₹2 प्रमाणे पहिला हप्ता देय झाल्याबद्दल.)

6) बँक खाते नावे ₹39,200
भाग पहिला हप्ता खात्याला ₹39,200
(अ याच्या 400 भागांचे ₹800 सोडून हप्ता मिळाल्याबद्दल.)

7) भाग अंतिम हप्ता खाते नावे ₹40,000
समहक्क भागभांडवल खात्याला ₹40,000
(20,000 भागांवर अंतिम हप्ता देय झाल्याबद्दल.)

8) बँक खाते नावे ₹38,000
भाग अंतिम हप्ता खात्याला ₹38,000
(अ याचे ₹800 व ब याचे ₹1,200 सोडून हप्ता मिळाल्याबद्दल.)

जप्तीची नोंद

जप्ती ही संचालकांची मर्जी नव्हे. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 1 मधील तक्ता एफ लागू असल्यास थकबाकीदाराला आधी नोटीस द्यावी लागते, नोटिशीत भरणा करण्यासाठी बजावणीपासून किमान 14 दिवसांनंतरची तारीख द्यावी लागते आणि ती टळल्यावरच मंडळाचा ठराव होतो. नोटिशीची हिशेबात नोंद होत नाही. जप्तीची नोंद ठरावाच्या तारखेला होते.

या नोंदीत सर्वाधिक गुण अधिमूल्याच्या ओळीवर जातात. नियम असा की, जे अधिमूल्य कंपनीला प्रत्यक्ष मिळाले ते जप्तीमुळे कमी होत नाही, कारण कलम 52 मध्ये दिलेल्या कारणांखेरीज त्या रकमेला हात लावता येत नाही. मात्र जे केवळ देय म्हणून जमा दाखवले होते आणि आलेच नाही, ते नावे टाकून रद्द करावे लागते. ब याने वाटपाची रक्कम भरलेली असल्याने त्याच्या 600 भागांवरील ₹3,000 अधिमूल्य जसेच्या तसे राहते. अ याचे मात्र जादा ₹400 वाटपाकडे गेले आहेत, आणि ते भांडवलाचे धरायचे की अधिमूल्याचे, हा प्रश्न उरतो. प्रश्नात वेगळे सांगितलेले नसेल तर अशी रक्कम प्रथम भांडवलाकडे धरण्याची रीत आहे, म्हणून अ याच्याकडून अधिमूल्याचा एकही रुपया आलेला नाही असे मानून पूर्ण ₹2,000 (400 × 5) रद्द होतात.

9) समहक्क भागभांडवल खाते नावे ₹10,000
प्रतिभूती अधिमूल्य खाते नावे ₹2,000
भाग वाटप खात्याला ₹2,400
भाग पहिला हप्ता खात्याला ₹800
भाग अंतिम हप्ता खात्याला ₹2,000
भाग जप्ती खात्याला ₹6,800
(अ याचे 400 व ब याचे 600 भाग, हप्ते न भरल्यामुळे मंडळाच्या ठरावानुसार जप्त केल्याबद्दल.)

₹6,800 चा पडताळा असा: अ कडून आलेले सारे ₹2,000 आणि ब कडून अधिमूल्य सोडून 600 × 8 = ₹4,800. भांडवल खाते नेहमी मागणी केलेल्या रकमेने नावे पडते, मिळालेल्या रकमेने नव्हे. दोन्ही हप्ते मागून झालेले असल्याने येथे ती रक्कम पूर्ण ₹10 आहे. अंतिम हप्ता मागण्यापूर्वी जप्ती झाली असती तर ₹8 प्रमाणे लिहावे लागले असते.

पुनर्वितरणाच्या नोंदी

नवे भाग कसरीने देण्यास कलम 53 मनाई करते, पण जप्त भाग पुन्हा देताना सूट देता येते, कारण मूळ धारकाकडून आलेली रक्कम कंपनीकडे असतेच. सूट मात्र त्या भागावर जप्त झालेल्या रकमेपेक्षा अधिक नसावी. अ च्या भागांवर ती मर्यादा प्रत्येकी ₹5 आणि ब च्या भागांवर ₹8 आहे, तेव्हा ₹1 ची सूट दोन्हीकडे बसते. किंमत ₹10 पेक्षा जास्त आली असती तर वरची रक्कम प्रतिभूती अधिमूल्य खात्याला जमा झाली असती.

10) बँक खाते नावे ₹7,200
भाग जप्ती खाते नावे ₹800
समहक्क भागभांडवल खात्याला ₹8,000
(800 जप्त भाग प्रत्येकी ₹9 ला पूर्ण भरणा झालेले म्हणून पुन्हा दिल्याबद्दल.)

11) भाग जप्ती खाते नावे ₹4,400
भांडवली राखीव खात्याला ₹4,400
(पुन्हा दिलेल्या 800 भागांवरील नफा वर्ग केल्याबद्दल.)

येथे जप्ती खात्याची सगळी शिल्लक वर्ग करण्याचा मोह आवरावा. नफा फक्त पुन्हा दिलेल्या भागांचा: अ चे ₹2,000 अधिक ब च्या 400 भागांचे ₹3,200, वजा सूट ₹800, म्हणजे ₹4,400. हा भांडवली स्वरूपाचा नफा असल्याने नफा-तोटा पत्रकात जात नाही. दोन भागधारकांची जप्त रक्कम प्रति भाग वेगवेगळी असताना ₹6,800 ला 1,000 ने भागून सरासरी काढणे चुकीचे आहे, आणि नेमके तेच उत्तरपत्रिकांत सर्रास दिसते.

ताळेबंदासाठी आकडे

बँक शिल्लक ₹3,02,000 येते. दुसऱ्या बाजूला 19,800 भागांचे भांडवल ₹1,98,000, प्रतिभूती अधिमूल्य ₹98,000 (₹1,00,000 वजा ₹2,000) आणि भांडवली राखीव ₹4,400 मिळून ₹3,00,400 होतात. उरलेले ₹1,600 म्हणजे ब च्या अजून न विकलेल्या 200 भागांवरील जप्त रक्कम (200 × 8). ती भाग जप्ती खात्यातच राहते आणि भागभांडवलाच्या टिपणीत भरणा झालेल्या भांडवलात मिळवून दाखवली जाते.