मुक्ताच्या रिसेप्शनला मामाचं भाषण

मंडळी, दोन मिनिटं द्या, जेवण तयार आहे, कोणाला जास्त थांबवत नाही. मी मुक्ताचा मामा, निफाडहून. सकाळी गुरुजींनी माईकवर पुकारलं ना, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, तोच मी.

आधी जावईबापूंना आणि व्याही-विहीणबाईंना मनापासून नमस्कार. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा मुलीचं काम विचारलं, तिला काय आवडतं विचारलं, आणि चहा गार होईस्तोवर द्राक्षांवर गप्पा मारल्या. ताई आणि दाजी त्या रात्री खूप दिवसांनी निवांत झोपले असतील, कारण त्याआधी काय काय ऐकून घेतलं त्यांनी ते मला माहितीये.

आता एक बोलायचंय. कोणाचं नाव घेत नाही, कोणाला दुखवायचं पण नाही, सगळी आपलीच माणसं आहेत आणि प्रेमापोटीच बोलतात. पण काल हळदीला दोन-तीन वेळा कानावर आलं, जरा जास्त लावा गं, उजळेल. आज मांडवात कोणीतरी म्हणालं मुलगी गुणाची आहे हो, फक्त रंगानं जरा डावी. आणि एका काकूंनी ताईला सरळ विचारलं, ही कोणावर गेली?

काकू, त्याचं उत्तर माझ्याकडं आहे. ती माझ्या आईवर गेली. रंग तिचा, कपाळ तिचं, आणि बोलताना भुवई वर करायची सवय पण तिचीच. आई सावळीच होती, आयुष्यभर उन्हात बागेत राबली, आम्हा भावंडांना त्याच हातांनी मोठं केलं. आज ती नाहीये, पण सकाळी अंतरपाटामागं मुक्ता उभी होती आणि मी तिच्या पाठीशी, तेव्हा बाजूनं तिचा चेहरा बघितला आणि मला आईच दिसली. त्यामुळं कोणी त्या रंगाला "फक्त" म्हटलं की मला लागतं हो, खरंच लागतं.

आपण नाशिकची माणसं. लग्नाची पत्रिका ठेवायला आम्ही पंचवटीत काळारामाला गेलो होतो, काळ्या पाषाणाची मूर्ती, हात जोडले की नजर हलत नाही. तिथंच पंचवटीत गोरारामाचं पण मंदिर आहे, आपण दोन्हीकडं जातो, दोन्हीकडं डोकं टेकवतो. देवासमोर जे कधी मनात येत नाही ते घरच्या लेकीसमोर का यावं?

मुक्ता ॲग्री झालीये, बऱ्याच जणांना माहिती असेल. मागं ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस लागला, माझ्या द्राक्षाच्या प्लॉटमध्ये डाऊनी रोग शिरला, मी तर हातच टेकले होते. ही संध्याकाळी आली, चिखलात चपला काढून टॉर्च घेऊन ओळीत शिरली, एकेक पान उलटं करून बघत होती, वरून पिवळे तेलकट डाग आणि मागं पांढरी बुरशी, मला दाखवून म्हणाली मामा हे बघा, अजून घडात गेलेला नाहीये, पाऊस उघडला की लगेच फवारणी घ्या. तो प्लॉट वाचला. त्या रात्री माझ्या बायकोनं तिच्या हातावर गरम भाकरी ठेवली तेव्हा तिच्या नखांत माती होती, आणि मला वाटलं किती देखणी पोरगी आहे ही.

लहानपणी तिला कोण ना कोण क्रीम आणून द्यायचं. ती शाळेत शिकून आली आणि आत्याला म्हणाली, ते मेलॅनिन असतं आत्या, उन्हापासून वाचवतं, कशाला घालवायचं. आता तर गोरं करणाऱ्या क्रीमच्या कंपनीनं पण 2020 साली नावातला "फेअर" शब्द काढून टाकला, मग आपण कशाला धरून बसायचं? समोर बघा, ह्या मांडवात कितीतरी सावळ्या मुली बसल्यात, पहिली-दुसरीतल्या, नटून-थटून आलेल्या. आपण जे बोलतो ते त्या ऐकतात आणि रात्री घरी जाऊन आरशात बघतात. त्यांच्यासाठी एवढं ऐका माझं.

आणि फोटोग्राफर दादा, तुम्हाला पण हात जोडून सांगतो, अल्बम बनवताना तिला उजळवू नका. आज पार्लरवाल्या ताई दोन शेड गोरा मेकअप करायला निघाल्या होत्या, हिनं पुसायला लावला आणि स्वतःच्या रंगाचा करून घेतला. जशी आहे तशी छापा, माझ्याकडं एक मोठी फ्रेम लागणारे, आईच्या फोटोशेजारी लावायचीये.

मुक्ते, बाळा, सुखी राहा. जावईबापू, तिचं म्हणणं ऐकत जा, बहुतेक वेळा बरोबर असतं. चला मंडळी, दोघांसाठी जोरात टाळ्या होऊ द्या, आणि मग पानं वाढायला घ्या.