विषय: 3 जानेवारीच्या केळी पॅकहाऊस प्रस्तावाबाबत, सवडीने कळवावे

भुसावळ
17 जानेवारी 2025

आदरणीय नानासाहेब,

सप्रेम नमस्कार. संक्रांत आनंदात झाली असेल. घरच्या सर्वांना आणि गटातल्या मंडळींना माझा रामराम सांगावा.

3 जानेवारीला आपल्या गटासाठी पॅकहाऊस आणि प्री-कूलिंग खोलीचा प्रस्ताव मी आपल्याला आणि सचिवभाऊंना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्याला आज दोन आठवडे झाले. उत्तराची घाई करावी म्हणून हे पत्र लिहीत नाही. प्रस्ताव आपल्यापर्यंत नीट पोहोचला ना, एवढे विचारायचे होते. शिवाय डिसेंबरच्या बैठकीत आपल्या सभासदांनी जे प्रश्न विचारले होते, त्यांतल्या काहींची उत्तरे आता माझ्याकडे आली आहेत, तीही कळवायची आहेत.

हे दिवस आपल्याकडे कसे जातात याची मला कल्पना आहे. पारा दहाच्या खाली उतरू लागला की केळीची वाढ थबकते, पाने पिवळी पडतात, निसवण लांबते. मग रात्री पाणी भरायचे, पहाटे बांधावर धूर करायचा, निंबोळी पेंड टाकायची. रात्रभर बागेत उभ्या असलेल्या माणसाने सकाळी बसून बारा पानी प्रस्ताव वाचावा, अशी माझी अपेक्षा नाही. त्यातून हा खर्च चाळीस सभासदांच्या संमतीचा आहे. असा निर्णय एका बैठकीत होत नाही आणि होऊही नये.

आता प्रश्नांकडे वळतो.

पहिला प्रश्न विजेचा होता आणि तो अगदी बरोबर होता. शेतीपंपाच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तासच मिळते, तीही कधी दिवसा, कधी रात्री. त्यावर थंड खोली चालत नाही. शेडसाठी वेगळी बिगरशेती जोडणीच घ्यावी लागेल आणि तिचे बिल शेतीच्या दराने येणार नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. रस्त्याकडेची जागा आपण दाखवली, तिथून गावठाणाची लाइन जवळ आहे. त्यामुळे खांब फारसे लागणार नाहीत असे माझ्या वायरमनचे मत पडले. नक्की किती लागतील, हे अर्ज केल्यावर वीज कंपनीचे लोक पाहणीला येतील तेव्हाच कळेल. जनरेटर मूळ अंदाजात धरलेलाच आहे, तो मी कमी करणार नाही. मे महिन्यात गाडी भरायच्या रात्री वीज गेली आणि खोली तापली, तर सगळ्या खर्चावर पाणी पडेल.

दुसरा प्रश्न धुण्याच्या पाण्याचा. प्रस्तावातल्या दोन्ही टाक्या 12 बाय 5 फुटांच्या आणि अडीच फूट खोल आहेत, म्हणजे एकेकीत साधारण सव्वाचार हजार लिटर पाणी मावते. पहिल्या टाकीत फण्या चीक गळेपर्यंत राहतात, दुसरीत तुरटीचे पाणी असते. हे पाणी तसेच शेजाऱ्याच्या शेतात सोडता येणार नाही, असे कोपऱ्यात बसलेले एक काका म्हणाले होते. त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले. नव्या नकाशात शेडच्या पूर्वेला खडी-वाळूचा निवळण खड्डा दाखवला आहे. चीक आणि गाळ तिथेच बसेल, वरचे पाणी बांधावरच्या झाडांना देता येईल. खर्च फार वाढत नाही आणि गावात वाद राहत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची. इथे मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण बैठकीत आकडा ऐकल्यावर खळ्यात जी शांतता झाली ती माझ्या लक्षात राहिली आहे. प्रस्ताव एकूण 46 लाखांचा आहे. तो दोन टप्प्यांत करता येईल का, यावर मी पुन्हा बसलो, आणि येतो. पहिल्या टप्प्यात 60 बाय 40 फुटांची शेड, दोन टाक्या, प्रतवारीची टेबले, वजनकाटे आणि निवळण खड्डा: 18 लाख. सहा टनांची प्री-कूलिंग खोली आणि जनरेटर दुसऱ्या टप्प्यात: 28 लाख. पाया मात्र पहिल्याच वेळी दोन्हींचा मिळून घ्यावा, म्हणजे नंतर तोडफोड होत नाही. तो खर्च 18 लाखांत धरला आहे.

आपण कर्ज काढायचे ठरवले तर केंद्र सरकारच्या कृषी पायाभूत सुविधा निधीची चौकशी जरूर करावी. 2020 साली सुरू झालेल्या या योजनेत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते, जास्तीत जास्त सात वर्षे. प्रकल्पखर्चाचा किमान दहावा हिस्सा आपला स्वतःचा लागतो. समजा गटाने 30 लाख उचलले, तर पूर्ण मुद्दल बाकी असलेल्या वर्षी ही सवलत 90 हजारांच्या घरात जाते. कर्ज मंजूर करणे शेवटी बँकेच्या हातात आहे, त्याची हमी मी देऊ शकत नाही. बँकेला नकाशे, अंदाजपत्रक, यंत्रांची कोटेशने जे लागेल ते मी तयार करून देईन, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही.

नानासाहेब, या कामात माझा धंदा आहे, हे उघडच आहे. पण त्या दिवशी बैठक संपल्यावर आपल्या बागेत जे पाहिले ते मनातून जात नाही. घड इतके देखणे होते! एकसारख्या फण्या, भरलेली बोटे, सालीवर एक डाग नाही. मग तेच घड खांद्यावरून येऊन बांधावर टेकवले गेले, तिथून ट्रॅक्टरमध्ये, ट्रॅक्टरमधून गाडीत. आपल्या पुतण्याने एक फणी उचलून दाखवली, तेव्हा मधल्या तीन बोटांवर चिकाचे ओघळ होते आणि कडेच्या बोटाची साल नखाएवढी सोलली गेली होती. आत्ता ती खूण हिरवट-करडी दिसते, पिकल्यावर तीच काळी पडते आणि व्यापारी तिच्याकडे बोट दाखवून भाव पाडतो. वर्षभर केलेली मेहनत अशी शेवटच्या दोन तासांत कमी किमतीची व्हावी, याचे मला खरोखर वाईट वाटते. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाला शोभेल असा माल बागेत तयार होतोच आहे, तो तसाच खोक्यात पोहोचला पाहिजे.

म्हणूनच पहिल्या टप्प्यातली शेड आणि टाक्या मला जास्त मोलाच्या वाटतात. थंड खोलीचा उपयोग त्यानंतरचा. उन्हाळ्यात कापलेल्या केळीचा गर तापलेला असतो. तो 13-14 अंशांपर्यंत आणून मग गाडी भरली तर माल वाटेत पिकायला लागत नाही. त्याखाली मात्र जाऊ द्यायचे नाही, नाहीतर साल करडी पडते आणि केळी नीट पिवळी होत नाही. त्यामुळे खोली चालवणारा माणूस गटातलाच आणि जबाबदार हवा. त्याला शिकवायला मी स्वतः येईन, पहिला हंगाम पार पडेपर्यंत.

दरांबद्दल एक सांगायचे राहिले. पत्रा, अँगल आणि पफ पॅनेल यांची कोटेशने 31 जानेवारीपर्यंतची होती. मी पुरवठादाराशी बोललो, त्याने तेच दर 28 फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवायचे मान्य केले आहे. तेव्हा तारखेचे दडपण घेऊ नये. फेब्रुवारीनंतर ठरले तरी काम होईलच, फक्त लोखंडाचा त्या वेळचा दर पाहून आकडा पुन्हा काढावा लागेल. शेड उभी राहायला सुमारे आठ आठवडे लागतात. या उन्हाळ्याच्या काढणीला ती हवी असेल तर फेब्रुवारीत ठरलेले बरे. पुढच्या वर्षासाठी हवी असेल तर भरपूर वेळ आहे.

आपल्याकडून मला आज एवढेच कळले तरी पुरे: विषय गटाच्या बैठकीत निघाला आहे की अजून निघायचा आहे? निघायचा असेल तर मी थांबतो. प्रस्तावात काही खटकत असेल, आकडा, जागा, यंत्रे, काहीही, तर मोकळेपणाने सांगावे, बदल करता येतो. दुसऱ्या कोणाकडून अंदाज मागवला असेल तर त्यातही वावगे काही नाही, एवढ्या खर्चात दोन-तीन दर पाहावेतच. आणि यंदा नको असे ठरले असेल तर तसे कळवायला संकोच करू नये. नकाशा आपल्याच जागेचा आहे, तो आपल्याकडे राहू द्यावा, पुढे कोणाकडूनही काम केले तरी उपयोगी पडेल.

लिहायला वेळ नसेल तर सचिवभाऊंनी दोन शब्दांचा निरोप टाकला तरी चालेल. बैठकीत मी येऊन समजावून सांगावे असे वाटले तर आदल्या दिवशी कळवावे, मी संध्याकाळी कधीही येऊ शकतो. मधल्या काळात मी फोन करून त्रास देणार नाही. 26 फेब्रुवारीला महाशिवरात्र आहे. चांगदेव-मुक्ताईच्या यात्रेची धावपळ उरकली की एकदा फोन करून विचारीन. तोपर्यंत आपला निरोप आला तर आनंदच आहे.

काकूंना नमस्कार सांगावा. त्या दिवशी काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या त्यांनी इतक्या आग्रहाने वाढल्या, की घरी आल्यावर मी मुलांना त्याचेच वर्णन सांगत बसलो.

आपला नम्र,
विलास
शेड व शीतगृह उभारणी, भुसावळ

ता. क. सोबत फक्त दोनच पाने जोडली आहेत: निवळण खड्ड्यासह सुधारलेला नकाशा आणि दोन टप्प्यांचा खर्च. मूळ प्रस्ताव पुन्हा पाठवलेला नाही. तो मोबाइलमधून गेला असेल तर सांगावे, छापील प्रत बसने पाठवून देईन. अक्षर मोठे हवे असल्यास तसेही छापून देतो, म्हणजे बैठकीत सगळ्यांना वाचता येईल.