विषय : दुधाळीतील घर – वाढीव खर्चाबाबत

आदरणीय आबा,

सा. न.

परवाच्या खड्ड्यात 9 फुटांपर्यंत काळी मातीच लागली, मुरूम त्याखाली आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतींना तडे जाणारच. फुटिंग मुरमापर्यंत न्यावे लागेल. शिवाय 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर आपण पाहिलाय. तुमच्या शेजाऱ्यांच्या भिंतीवर पाण्याची खूण आहे, जोतं तिच्यावर दीड फूट हवं. खोदाई, काँक्रीट, सळई, भराव मिळून 7 लाख वाढतात. 46 चे 53 लाख होतील.

तेवढे शक्य नसतील तर वरच्या दोन खोल्या, 350 चौरस फूट, आता वगळू. 2,000 च्या दराने तेवढेच वाचतात. पाया आणि कॉलम मात्र पूर्ण भाराचेच घालू, म्हणजे पुढे खोल्या चढवता येतील. काकूंचं स्वयंपाकघर आणि देवघर जसंच्या तसं राहील.

सळई कमी करून खर्च बसवा, असं ठेकेदार सुचवतोय. त्यावर मी सही करणार नाही.

रविवारपर्यंत निर्णय कळवा. सोमवारी खोदाई ठरलीय.

आपली,
आर्किटेक्ट
कोल्हापूर