सर्व सुरळीत

पावणेबाराला मागच्या पाळीच्या सोबत्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, 'सगळं नॉर्मल आहे' एवढे बोलून मोटारसायकलला किक मारली आणि तो निघून गेला. दत्तात्रयाने लॉगशीटचे नवे पान काढून त्यावर तारीख घातली, टॉर्च घेऊन तो यार्डात गेला आणि रोहित्राच्या तेलाचे तापमान पाहून आला. बाराच्या नोंदी पूर्ण झाल्यावर शेऱ्याच्या रकान्यात त्याने 'सर्व सुरळीत' असे लिहिले. बार्शी तालुक्यातल्या या 33/11 केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून त्याला दीड वर्ष झाले होते. मुलीची दहावी असल्यामुळे ती आणि तिची आई लातूरलाच राहिल्या होत्या आणि रात्रपाळीला उपकेंद्रात माणूस एकच असे.

फोन मात्र सतत येत. ज्वारीला शेवटचे पाणी देण्याचे दिवस होते, त्यामुळे आजूबाजूच्या पाच गावांत त्याचा नंबर प्रत्येक शेतकऱ्याकडे होता. पण त्या नंबराला नाव नव्हते, सगळ्यांच्या मोबाईलमध्ये तो 'ऑपरेटर' म्हणूनच साठवलेला असावा. 'हॅलो ऑपरेटर, लाईट कधी यायची?', 'हॅलो, आमच्याच डीपीची लाईट का गेली?' हॅलोच्या मागोमाग लाईटचा विषय निघाला नाही असा गावकऱ्याचा फोन त्याला उपकेंद्रात आल्याचे आठवत नव्हते. उत्तर मिळाले की फोन बंद होई, आणि त्यात कुणाचा दोषही नव्हता, कारण थंडीत बांधावर उभ्या असलेल्या माणसाने आणखी काय विचारायचे?

मन मोकळे करण्यासाठी पुण्यातले काही स्वयंसेवक रात्री चॅटवर बसतात, हे त्याने तालुक्याच्या दवाखान्यातल्या भिंतीवर वाचले होते आणि का कोण जाणे, पत्त्याचा फोटो काढून ठेवला होता. उपकेंद्रातून तासभर फोनवर बोलत बसणे शक्यच नव्हते; लाईनवर चढण्यापूर्वी लाईनमन परमिट मागायला केव्हाही फोन करी आणि त्याला नंबर मोकळा मिळणे भागच होते. लिहायला अशी अडचण नव्हती. बारा वाजून सहा मिनिटांनी त्याने चॅट उघडले, 'हॅलो' असे लिहून पाठवले आणि पुढचे वाक्य शोधू लागला.

'हॅलो. मी आहे इथे.' पलीकडून मिनिटभरात आले.

त्याने लिहायला घेतले. बोटांनी सवयीने 'सर्व सु' पर्यंत मजल मारली, तेव्हा त्याने ते पुसले. 'झोप येत नाही' असे लिहिले, पण झोपेला परवानगीच नसलेल्या माणसाने अशी तक्रार करणे त्याला हास्यास्पद वाटले. 'मला काही त्रास नाही' हे वाक्य तर पुसताना त्याने पुन्हा वाचलेही नाही.

'तुम्ही लिहिताय असं दिसतंय. सावकाश लिहा, घाई नाही.'

साडेबाराला शेतीपंपांचा फीडर चालू करायचा होता. त्याने मोबाईल ठेवला, ब्रेकर चढवला आणि अँपिअरचा काटा उसळताना पाहिला. बहुतेक विहिरींवर ऑटो स्विच असल्यामुळे लाईट येताच सगळ्या मोटारी एकदमच उचलतात आणि कधी कधी तो भार रिलेला सोसत नाही. आजही सोसला नाही. ब्रेकर धाडकन पडला. त्याने रिलेचा फ्लॅग वर केला, पाच मिनिटे थांबून फीडर पुन्हा चढवला, आणि या वेळी तो टिकला. मधल्या पाच मिनिटांत सात फोन आले. 'आली आली,' आठवा म्हणाला आणि दत्तात्रयाचे 'हं' ऐकण्याआधीच त्याने फोन ठेवला.

टेबलाशी परत आला तेव्हा एक वाजायला दहा मिनिटे होती. चॅट बंद झाले असेल असे त्याने गृहीतच धरले होते, परंतु तिथे एक नवी ओळ होती, बारा सदतीसची.

'लिहायचं नसेल तरी चालेल. मी दोन वाजेपर्यंत बसलेली आहे.'

त्याने ती ओळ दोनदा वाचली. पलीकडची बाईही कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी दिव्याखाली जागी बसली होती, आणि तिला लाईटबद्दल काहीच विचारायचे नव्हते. उत्तर द्यावे असे त्याला वाटले. पण उत्तराचा विचार करताना घशात काही दाटले, म्हणून तो पाणी प्यायला आणि टॉर्च घेऊन पुन्हा यार्डात गेला.

एकच्या नोंदी झाल्यावर शेऱ्याच्या रकान्यात त्याने फीडर पडल्याची आणि चढवल्याची वेळ लिहिली. त्याखाली 'सर्व' एवढे लिहून पेन थांबले. थोड्या वेळाने त्याने तो शब्द एका रेघेने खोडला, बाजूला नियमाप्रमाणे सही केली, आणि एरवी पालथा ठेवायचा तो मोबाईल पडदा वर करून लॉगशीटशेजारी ठेवला.