अ की ॲन? नियम तुम्हीच शोधा (इयत्ता सहावी, इंग्रजी)

मुलांनो, आज नियम मी सांगणार नाही, तुम्ही मला सांगायचा आहे. फळ्यावरची वाक्यं मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचून चालणार नाही.

आय हॅव अ पेन. शी एट ॲन ॲपल. ही सॉ अ डॉग. इट इज ॲन एग. धिस इज ॲन अंब्रेला.

ॲनच्या लगेच पुढच्या शब्दाखाली रेघ मारा. हे शब्द कशाने सुरू होतात? शेजाऱ्याशी बोला आणि अंदाज एका वाक्यात वहीत लिहा. "ए, ई, आय, ओ, यूच्या आधी ॲन" असं लिहिलं असेल तर छान, खोडू नका.

आता ही वाक्यं वाचा.

वी वेटेड फॉर ॲन अवर. ही इज ॲन ऑनेस्ट बॉय. शी हॅज अ युनिफॉर्म. फ्रान्स इज अ युरोपियन कंट्री.

अवरचं स्पेलिंग एचने सुरू होतं, युनिफॉर्मचं यूने. मग तुमचा अंदाज कुठे अडला? अवर म्हणताना 'ह' ऐकू येतो का? युनिफॉर्मचा पहिला आवाज यमुनातल्या 'य'चा की उषातल्या 'उ'चा? नियम पुन्हा लिहा. डोळ्यांनी ठरवायचं की कानांनी, हे त्यात आलंच पाहिजे.

आता तो इथे लावून बघा: एसटी बस, युनिट, एमबीबीएस डॉक्टर, वन-रुपी कॉइन, ओल्ड युनिफॉर्म. शेवटचं उदाहरण माझ्या खास आवडीचं. तिथे अ की ॲन, आणि ते कोणत्या शब्दामुळे ठरलं, हे शेजाऱ्याला समजावून सांगा.