विषय: 5 किलो द्राक्षाचे बॉक्स, 19 तारखेची चुकलेली डिलिव्हरी, माफी आणि नवीन तारखा

नमस्कार वैशालीताई,

काल फोनवर तुम्ही जे बोललात त्यातलं एक वाक्य रात्रभर डोक्यात होतं, "बॉक्स नाही आले त्याचं मी काहीतरी केलं असतं हो, पण तुम्ही गाडी निघाली म्हणून सांगितलंत." खरंय. म्हणून हा मेल फोनवर न बोलता लिहून पाठवतोय, म्हणजे उद्या मीच काही वेगळं बोललो तर तुमच्याकडे पुरावा राहील.

ठरलं होतं असं की 12,000 बॉक्स सोमवारी 19 जानेवारीला सकाळी 8 वाजता पिंपळगावला तुमच्या पॅकहाऊसवर उतरणार. प्रत्यक्षात आले 2,600, ते पण दुपारी 4 ला. मंगळवारी एकही नाही, आज बुधवारी पण नाही. 9,400 बाकी आहेत. मनापासून माफी मागतो. तोडलेला माल क्रेटमध्ये पडून, पॅकिंगच्या बायका बसून आणि कंटेनरची तारीख डोक्यावर, हे सगळं आमच्यामुळे झालं, यात तुमच्याकडून काहीच चूक नव्हती. ऑर्डर वेळेत दिली होतीत, डिझाईन वेळेत पास केलं होतंत, अ‍ॅडव्हान्स तर दुसऱ्या दिवशीच आला होता.

आता झालं काय ते सरळ सांगतो. आमची आधीची एक ऑर्डर तीन दिवस लांबली, त्यामुळे तुमचं काम 11 ला लागायला हवं होतं ते 14 ला लागलं. 14 ला संक्रांत. अर्धी माणसं गावाला गेलेली, आणि हे काही अचानक आलेलं संकट नाही, संक्रांत दरवर्षी त्याच सुमारास येते, तरी मी प्लॅनमध्ये ती धरलीच नव्हती. मग 16 ला रात्री घाईघाईत पेस्टिंग उरकलं. एरवी पाच प्लायची शीट पेस्ट झाली की आम्ही थप्पी लावून वर वजन ठेवून 24 तास तशीच सोडतो, गम पूर्ण सुकू देतो, मगच स्लॉटिंग आणि पिनिंगला घेतो. या वेळी 8 तासांतच उचलली. त्यात या आठवड्यातली थंडी, शेडचं शटर रात्री अर्धं उघडं राहिलेलं, गम काही सुकला नाही.

शनिवारी 17 ला सकाळी अकराच्या सुमाराला सुपरवायझरने एक तयार बॉक्स माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि काही न बोलता अंगठ्याने कोपरा दाबला. वरचा पांढरा कागद पापुद्र्यासारखा सुटून आला, आत फ्लूट ओलसर, कच्च्या गमचा तो आंबूस वास. मीटर लावला तर मॉइश्चर 14 टक्के, आम्ही 9 च्या वर माल बाहेर सोडत नाही. असा बॉक्स वरून बघितला तर चांगला दिसतो, प्रिंट पण झकास, पण तुमच्या प्रीकूलिंगमध्ये गेला, मग कोल्ड स्टोअरच्या दमट हवेत एक दिवस राहिला की पॅलेटचा खालचा थर बसणार आणि त्याच्या आतले पनेट दबणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं. 3,100 बॉक्स आम्ही त्याच दिवशी बाजूला काढले, ते रद्दीत गेले. तो माल तुमच्याकडे पाठवला नाही एवढीच एक गोष्ट आम्ही बरोबर केली.

पण मुद्दा पुढचा आहे. शनिवारी अकराला मला कळलं होतं की सोमवारी 12,000 होणार नाहीत. तुम्हाला तेव्हाच फोन करायला हवा होता, तुमच्याकडे शनिवार दुपार आणि अख्खा रविवार होता, कुठूनतरी हजार दोन हजार बॉक्स उभे केले असतेत नाहीतर बागेतली तोड एक दिवस पुढे ढकलली असतीत. मी काय केलं, तर रात्रपाळी लावून कसंतरी भरून काढू या आशेवर गप्प बसलो, रविवारी तुमचा मेसेज आला तेव्हा "उद्या नक्की" लिहिलं, आणि सोमवारी सकाळी गाडी अजून गेटच्या आत असताना "निघाली" म्हणालो. उशीर माझ्या कारखान्यात झाला पण तुमचं नुकसान त्या गप्प बसण्याने जास्त झालं. रस्ते खोदलेत, कुंभमेळ्याची कामं चालू आहेत वगैरे कारण मी सोमवारी फोनवर दिलं होतं ते पण मागे घेतो, गाडी रस्त्यात अडकलीच नव्हती.

आता नवीन तारखा. या वेळी आकडे मशीनच्या ताकदीपेक्षा थोडे कमीच धरलेत, दिवसाला 2,400 आरामात होतात, सुपरवायझरला समोर बसवून काढलेत. पहिल्या लॉटची शीट काल रात्री आणि आज सकाळी पेस्ट झाली आहे, थप्पीला आहे, उद्या दुपारनंतर पिनिंगला जाईल.

शुक्रवार 23 जानेवारी, सकाळी 7 : 2,400 बॉक्स
शनिवार 24 जानेवारी, सकाळी 7 : 2,400 बॉक्स
रविवार 25 जानेवारी, सकाळी 7 : 2,400 बॉक्स
मंगळवार 27 जानेवारी, सकाळी 7 : 2,200 बॉक्स, इथे 9,400 पूर्ण

सोमवारी 26 ला कारखाना बंद आहे, त्या दिवशी गाडी येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. गाडी अंबडहून पहाटे 5 ला सोडणार म्हणजे द्वारकाच्या गर्दीच्या आधी निघून जाईल आणि ओझरच्या पुढे चहाला थांबली तरी सातला तुमच्याकडे.

राहिला उद्याचा गुरुवार. उद्या तुमच्याकडे बॉक्स नाहीत हे मला माहितीये. ओळखीच्या एका कारखान्यातून 1,000 प्लेन पांढरे बॉक्स मिळतायत, साईज तीच, पाच प्लाय, मी स्वतः संध्याकाळी जाऊन चार बॉक्स दाबून आणि मीटर लावून बघितले, 8 टक्के, चांगले आहेत. फक्त प्रिंट नाही. एक्सपोर्टच्या मालाला तुमचा बायर प्लेन बॉक्स चालवून घेईल की नाही ते तुम्हीच ठरवा, मी आग्रह करत नाही, लोकल मार्केटच्या मालाला तर नक्की चालतील. हो म्हणालात तर सकाळी 7 ला पोचवतो, याचे पैसे नाहीत, वाहतूक पण आमची, आणि हे त्या 12,000 मध्ये मोजायचे नाहीत. फक्त आज रात्री 9 पर्यंत हो किंवा नाही एवढा मेसेज टाका, नाही आला तर मी तो माल सोडून देतो.

पैशाचं पण लिहून टाकतो. बॉक्सचा रेट 34 रुपये ठरला आहे. उशिरा येणाऱ्या 9,400 बॉक्सवर दीड रुपया कमी, म्हणजे 14,100 रुपये, शेवटच्या बिलात वजा दिसतील. शिवाय सोमवारी तुमच्या 38 बायका बसून होत्या म्हणालात, त्यांचा त्या दिवसाचा रोज आमच्याकडून. तुम्ही जो आकडा सांगाल तो, मी हिशोब मागणार नाही.

आणि तुम्हाला आता आमच्यावर विसंबायचं नसेल तर तेही समजू शकतो. तुमचा अ‍ॅडव्हान्स 1,50,000 चा होता, आलेल्या 2,600 बॉक्सचे 88,400 होतात, राहिलेले 61,600 तुम्ही सांगाल त्याच दिवशी परत. प्रिंटिंगचे स्टीरिओ तुमच्या पैशाने बनलेत, ते पण लगेच देतो म्हणजे दुसऱ्याकडे नवीन बनवण्यात चार दिवस जाणार नाहीत. यावर मी रुसणार नाही.

परत असं होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं तेही सांगतो, कारण नुसतं "पुढे काळजी घेऊ" याला तुमच्या लेखी आता काही किंमत नसणार. प्रत्येक थप्पीवर पेस्टिंगची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद लागतोय, 24 तास झाल्याशिवाय ती हलणार नाही, आणि गाडी भरण्याआधी दर थप्पीतले पाच बॉक्स मीटरने तपासायचे. गाडी थांबवायचा अधिकार सुपरवायझरला दिलाय, मी ओरडलो तरी त्याने भरायची नाही, हे सगळ्या माणसांसमोर सांगितलंय (तो मनातल्या मनात हसला असणार). तुमच्या साईजची 3,000 बॉक्सची सुकलेली शीट मार्चअखेरपर्यंत कायम तयार ठेवणार, छापायची तेवढी बाकी, म्हणजे सीझनमध्ये काही अडलं तरी एक दिवसाच्या वर तुमचा माल अडकणार नाही.

आणि रोज संध्याकाळी 6 ला तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर तयार मालाचा फोटो आणि आकडा. पहाटे गाडी गेटच्या बाहेर पडली की गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर, त्याआधी "निघाली" हा शब्द आमच्याकडून येणार नाही. आकडा कमी पडणार असं दिसलं तर ज्या तासाला मला कळेल त्याच तासाला फोन, रात्रीचे अकरा वाजले असले तरी.

एक विनंती, सोमवारी आलेले 2,600 आम्ही तपासूनच पाठवलेत, ते जुन्या सुकलेल्या शीटचे होते, तरी तुमच्याकडे कोल्ड स्टोअरला गेलेल्या पॅलेटमधले खालच्या थरातले दोन-तीन बॉक्स कुणालातरी बघायला सांगा. एकही नरम वाटला तर फोटो टाका, त्या पॅलेटचे सगळे बॉक्स बदलून देतो आणि परत पॅकिंगची मजुरी पण आमची.

शुक्रवारी पहिल्या गाडीबरोबर मी स्वतः येतोय. गाडी उतरेपर्यंत थांबेन, तुम्हाला जे बोलायचं असेल ते समोर बोला, ऐकून घेईन. प्लेन बॉक्सचं तेवढं 9 च्या आत कळवा.

तुमचा,
प्रशांत
अंबड एमआयडीसी, नाशिक
बुधवार, 21 जानेवारी 2026